पिंजाऱ्याच्या मुलीची मातृभाषा

पहिलीपासून मुलांना किती भाषा शिकवाव्यात, यावरून सध्या पेपरात रोज भांडण चाललंय. माझा पणतू पुढच्या वर्षी शाळेत जाणार, म्हणून ते भांडण आमच्या घरातही आलंय. नातसून म्हणते इंग्रजी माध्यम. नातू म्हणतो मराठी. तिसरी भाषा कोणती आणि कधी, यावर तर दोघं जेवतानाही चिडतात. मला कुणी विचारत नाही. मी मराठी चौथी पास, मला काय विचारायचं? पण माध्यम चुकलं की पोराचं काय होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते पाहताना मी दहा वर्षांची होते. म्हणून लिहिते.

आमचं गाव आंबवड्याच्या बाजूचं. मला भोरला आत्याकडे ठेवलं होतं ते शिकवायला नव्हे, आत्याचं तान्हं मूल सांभाळायला. आत्याच्या घरापासून मुलींची मराठी शाळा चार घरांवर होती, आणि दुपारी मूल निजल्यावर मी रिकामीच असायचे, म्हणून आत्यानं मला शाळेत घातलं. पुढे मूल चालायला लागलं तशी पूर्ण वेळ जाऊ लागले. भोर तेव्हा संस्थान होतं. पलीकडे खालसा मुलूख, म्हणजे इंग्रजांचा. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट.

शाळेत गेल्यावर पहिल्या दिवशी मला कळलं की मी बोलते ती मराठी नव्हे. म्हणजे आमच्या मोठ्या बाईंच्या मते नव्हे. मी म्हटलं, "बाई, म्या हितं बसू?" बाई म्हणाल्या, "मी इथे बसू का, असं म्हण." मी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. सगळा वर्ग हसला. त्यानंतर महिनाभर मी शाळेत तोंड उघडलं नाही. बाई वाईट नव्हत्या, पण मला वाटायचं की तोंड उघडलं की आपण मूर्ख ठरतो. आता विचार करते, घरचीच भाषा असून माझी ही गत झाली, तर दुसऱ्याच भाषेत बसवलेल्या पोराची काय होत असेल?

माझं तोंड उघडलं ते माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीमुळे. ती बाजारपेठेतल्या पिंजाऱ्याची मुलगी. तिचा बाप गाद्यांचा कापूस पिंजायचा, आणि त्या घरात सगळ्यांच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू असायचे. तिच्याही वेणीत असायचे. मी ते वेचायचे आणि ती माझ्याकडून पाठांतर करून घ्यायची. तिला अंकांची फार आवड. त्या काळी पाढे साधे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, आणि सगळ्यांत कठीण औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा. "सात औट?" असं बाईंनी विचारलं की बाकीच्या बोटं मोजायच्या आणि ही म्हणायची, "साडेचोवीस." लिपीसुद्धा एक नव्हती. पुस्तक बाळबोधीत, म्हणजे आताच्या देवनागरीत, आणि कागदपत्रं मोडीत, म्हणून तिसरीपासून दोन्ही घोटायला लागायचं. तिला दोन्ही यायचं. मला मोडी कधीच नीट आली नाही.

तिला मास्तरीण व्हायचं होतं. तिनं हे मला नदीच्या घाटावर धुणं आपटताना सांगितलं. मास्तरीण व्हायचं म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, जिला सगळे नुसतं फायनल म्हणत, ती पास व्हायची. फायनल झालेल्याला शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शकायची. इंग्रजीची वाट वेगळी होती. मराठी चौथी झाली की पैसेवाल्यांची मुलं इंग्रजी शाळेत जायची, आणि तिथं वरच्या वर्गात गेलं की भूमिती, इतिहास सगळं इंग्रजीतून. आमचा आतेभाऊ, आत्याचा थोरला मुलगा, त्या वाटेनं गेला होता. तो भूमितीचा सिद्धांत डोळे मिटून घडाघडा म्हणायचा. मी एकदा पाटीवर त्रिकोण काढून म्हटलं, "दाखव की यात." तर त्यानं पाटीच पुसली. मॅट्रिकला दोनदा बसला, दोनदा नापास झाला आणि शेवटी दुकानात बसला. तो ढ नव्हता. दुकानात त्याचं डोकं विजेसारखं चालायचं, कारण दुकान मराठीत होतं.

आता पिंजाऱ्याच्या मुलीचं काय झालं ते सांगते.

ती शाळेत आली तेव्हा तिच्या बापानं नाव घालताना जुम्म्याची टोपी घातली होती. कचेरीत, शाळेत, लग्नात माणूस जसा जरा ताठ होतो, तसा तो ताठ झाला होता. रजिस्टरात नाव, जात, धर्म असे रकाने होते, आणि एक रकाना होता मातृभाषा. बाईंनी विचारलं, "मातृभाषा?" चाचा, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "उर्दू."

त्यांना उर्दूची दोन वाक्यंही यायची नाहीत. त्यांच्या बापालाही यायची नाहीत. त्या घरात मुलगी म्हणायची, "अब्बा, भूक लागली." त्यातला पहिला शब्द त्यांचा, बाकीचे दोन आमचे. मुलं सकाळी मौलवींकडे कुराण वाचायला जात, ते अरबीत, अर्थ न कळता. पण चाचांना वाटायचं, आपल्या धर्माची अक्षरं म्हणजे आपली भाषा, आणि शाळेत विचारलंय तर मान राखेल असं उत्तर द्यावं. बाईंनी लिहून घेतलं. तीन वर्षं तो शब्द रजिस्टरात पडून राहिला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

चौथीच्या सुरुवातीला बिघडलं. गावातल्या मुसलमान मंडळींनी अर्ज केला होता की आमच्या मुलांसाठी उर्दू वर्ग काढा. मागणीत गैर काही नव्हतं. खालसा मुलखातही तेव्हा हाच वाद पेटला होता. तिथलं सरकार शाळांतून हिंदुस्थानी, म्हणजे हिंदी-उर्दूची मिळून एक बोलभाषा, शिकवायची म्हणत होतं, मग ती नागरीत लिहायची का उर्दूत, यावर सभा होत होत्या. आमच्या गावी वर्ग मंजूर झाला, अट एकच. उर्दू मातृभाषा असलेली ठरलेल्या संख्येइतकी मुलं भरली पाहिजेत. मग काय, शाळांची रजिस्टरं काढली, रकाना बघितला, यादी केली. पिंजाऱ्याच्या मुलीचं नाव यादीत गेलं. संख्या भरली, ती बरोब्बर काठोकाठ.

वर्गाला वेगळी जागा नव्हती. आमच्याच शाळेची मागची पडवी त्यांना दिली. मधे तट्ट्या लावला, म्हणजे बांबूच्या कामट्यांची भिंत. तट्ट्याच्या त्या बाजूला उर्दू वर्ग, ह्या बाजूला आमची चौथी. तो वर्ग फक्त चौथीपर्यंत होता. पुढे काही नाही. म्हणजे माझ्या मैत्रिणीची फायनलची वाट त्या तट्ट्यापाशी संपली होती. तिला हे लगेच कळलं. तिच्या घरच्यांना कळायला वेळ लागला.

उर्दूचे मास्तर तरुण होते, लांबून आलेले, फार गोड माणूस. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. ते मायेनं विचारायचे, "बेटी, समझ में आया?" आणि पोरं मान हलवायची, कारण मान हलवल्यावर मास्तर खूश व्हायचे. त्या वर्गात उर्दू खरी बोलणारी एकच मुलगी होती. तिचा बाप सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे प्रवासी बसवर, मिस्त्री होता, हैदराबादेकडून आलेला. आधी ती आमच्या शाळेत होती तेव्हा मुकी बसायची. बाईंनी काही विचारलं की हळूच म्हणायची, "मेरे कू समझ में नै आता," आणि बाईंना तेही समजायचं नाही. पडवीत गेल्यावर ती अशी काही खुलली, की मास्तरांच्या प्रत्येक प्रश्नाला तिचा हात वर. आणि माझी मैत्रीण मुकी झाली. एका तट्ट्यानं दोघींची अदलाबदल केली.

मी मुद्दाम तट्ट्याला टेकून बसायचे. बाई औटकी घ्यायच्या. "नऊ औट?" आमच्या बाजूला कुणाला यायचं नाही, आणि तट्ट्यामागून अगदी हलकं ऐकू यायचं, "साडेएकतीस." बाईंनाही ते ऐकू जायचं. तरी त्या पुढचा प्रश्न विचारायच्या. एकदा मी मधल्या सुट्टीत धीर करून म्हटलं, "बाई, तिला हिकडं घ्या की. तिला तिकडचं काय बी कळत न्हाई."

"इकडे, काही," असं आधी माझं शुद्ध करून मग बाई म्हणाल्या, "माझ्या हातात नाही गं. रजिस्टरात बापाने सांगितलेलं आहे. बापानेच अर्ज द्यायला हवा, की लिहिताना चूक झाली. मग इन्स्पेक्टरसाहेब खात्री करतील आणि बदलतील."

तर नियम असा होता, आणि नियम वाईट नव्हता. बापाला हक्क दिलेला होता. अडचण बापाचीच होती.

संध्याकाळी मी आणि ती त्यांच्या घरी गेलो. चाचा पिंजणाच्या धनुष्याची तात आवळत होते. ती बोलेना, म्हणून मीच सांगितलं. चाचांनी हातातलं काम थांबवलं.

"म्हंजे मी खोटं बोललो म्हणू? सगळ्या मोहल्ल्यासमोर?"

"खोटं न्हाई चाचा, चुकून."

"चुकून कसं? भाषा काय चुकून हुती का माणसाची?"

चाची चुलीपाशी भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अवो, मग दोन वाक्यं बोलून दावा की उर्दूत. मी गप बसते."

चाचांनी घसा साफ केला. "ये... ये जो कापूस..."

"कापूस!" चाची भाकरी तव्यावर टाकता टाकता हसायला लागल्या. "लई झ्याक. म्होरं?"

"तू भाकरीकडं बघ!" चाचा ओरडले, पण त्यांनाही हसू आलं होतं. मग पुन्हा तात आवळत "वर्ग मोडंल," असं म्हणाले. "हिचं नाव काडलं तर संख्या भरत न्हाई. अत्तरवाले बाबा काय म्हणतील?"

अत्तरवाले बाबा म्हणजे मशिदीचं काम बघणारे एक बुजुर्ग. अत्तर, सुरमा, काजळ विकायचे. दोनच दिवसांनी ते पिंजाऱ्याच्या ओसरीवर आले, तेव्हाही मी तिथं होते, कारण मी रोजच असायचे. बाबांनी उर्दूची बाजू मांडली ती अस्सल भोरच्या मराठीत. म्हणाले, "आरं, आपली पोरं आपली अक्षरं इसरली, तर उद्या आपल्याला कोण वळखंल? वर्षानुवर्षं मागत हुतो, आता कुठं वर्ग मिळालाय. तुज्या एका पोरीपायी मोडू का? आणि पोरीला कुठं लांब शिकायचंय? चौथी म्हंजे लई झालं."

चाचा खाली बघत म्हणाले, "व्हय बाबा."

चाची दाराआडून म्हणाल्या, "आमच्या पोरीला मास्तरीण व्हायचंय."

बाबा हसले नाहीत, टोमणाही मारला नाही. म्हणाले, "मग तिला ह्याच वर्गात मास्तरीण करू. पर आधी वर्ग तर ऱ्हाऊ दे."

मला बाबांचा राग आला होता. आज येत नाही. त्या माणसाला एक गोष्ट जपायची होती आणि ती जपण्यासारखी होती. फक्त ती त्यांनी दुसऱ्याच्या मुलीच्या पाठीवर ठेवली. धोरण करणारे असंच करतात. समाजाची भाषा म्हणून एक ठरवतात, आणि त्या समाजातल्या एकेका पोराच्या तोंडात कोणती आहे हे विचारायचं राहून जातं.

मग आम्ही आमची शाळा काढली. रोज दुपारी घाटावर मी तिला त्या दिवशीचं मराठी, भूगोल, व्याकरण जसंच्या तसं सांगायचे. शिकवायचे असं म्हणणार नाही, कारण निम्मं मलाच कळलेलं नसायचं. मी सांगायचे आणि ती मला समजावून सांगायची. बदल्यात तिनं मला अलीफ, बे, पे शिकवलं. मला त्याची गंमत वाटायची. उजवीकडून डावीकडे ओल्या दगडावर बोटानं लिहायचं. ती म्हणायची, "अक्षरं मला आवडतात गं. नुसती अक्षरं असती तर मी रोज शिकले असते. पर भूगोल बी त्याच्यात, हिशेब बी त्याच्यात. मला वाटतं माझं डोकंच कुणी काडून घेतलंय." ती रडली नाही. मी रडले, आणि तिनं मला रागावलं की धुणं वाहून जाईल.

एवढं मला त्या घाटावर कळलं, आणि पुढे पेपरातल्या मोठमोठ्या लेखांतही त्याहून जास्त काही सापडलं नाही. भाषा शिकणं वेगळं आणि भाषेतून शिकणं वेगळं. पहिलं पोर हौसेनं करतं, दोन का चार भाषा असेनात. दुसऱ्यात भाषा कच्ची असली की सगळंच बंद पडतं. गणितसुद्धा.

अर्ज मी लिहिला. बाळबोधीत, चांगल्या अक्षरात, बाईंनी सांगितलेल्या मजकुराचा: माझी मुलगी अमुक, हिची मातृभाषा नजरचुकीने उर्दू लिहिली गेली, तरी ती मराठी करून मिळावी. चाचांनी तो घडी घालून कोनाड्यात ठेवला. सही केली नाही. चार-पाच महिने तो तिथंच होता. चाची रोज सकाळी कोनाडा झाडताना तो उचलून पुन्हा तिथंच ठेवायच्या, चाचांच्या नजरेसमोर, काही न बोलता.

तपासणीचा दिवस आला. वर्षातून एकदा इन्स्पेक्टरसाहेब यायचे आणि प्रत्येक मुलाची परीक्षा स्वतः घ्यायचे. ती पास तर वर्षाअखेर वरचा वर्ग, नाहीतर त्याच वर्गात पुन्हा. पालकांनाही बोलावलेलं असायचं. शेणानं सारवलेल्या अंगणात सगळे उभे होते. चाचा टोपी घालून आले होते. अत्तरवाले बाबाही होते.

आधी आमची चौथी झाली. मग साहेब तट्ट्यामागे गेले. मी फटीतून बघत होते. साहेबांना उर्दू येत नव्हती, म्हणून ते मराठीत विचारायचे, मास्तरांना कुणीतरी ते हिंदुस्थानीत सांगायचं आणि मास्तर पोरांना उर्दूत विचारायचे. उत्तर त्याच वाटेनं परत. मिस्त्र्याच्या मुलीनं छान उत्तरं दिली. मग माझ्या मैत्रिणीला उभं केलं. मास्तरांनी हिशेब घातला. ती उभी राहिली. हाताची बोटं झग्यात गुंडाळून घेतली. एक शब्द नाही. मास्तरांनी पुन्हा, अगदी प्रेमानं सांगितला. नाही.

साहेब म्हणाले, "ही मुलगी मागच्या वर्षी पाहिल्यासारखी वाटते. मागच्या वर्षी हिनेच मला औटकी म्हणून दाखवली होती ना?"

बाई म्हणाल्या, "हो साहेब, हीच."

"मग आता काय झालं हिला?"

चाचा अंगणाच्या कडेला होते. त्यांनी आपल्या मुलीला शाळेत गप्प बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. आदल्या तीन वर्षांत तपासणीनंतर ते तिला खांद्यावर घेऊन बाजारातून मिरवत न्यायचे. आता ते पडवीपाशी आले, जोडे बाहेर काढले आणि म्हणाले, "साहेब, तिला काय झालं न्हाई. मला झालं हुतं. आमच्या घरात उर्दू न्हाई. मी नाव घालताना मोठेपणानं सांगितलं. पोरीला तुमी मराठीत इचारा."

साहेबांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला येते का उर्दू?"

"न्हाई साहेब. एक शब्द बी न्हाई. माझी बायको हसती मला."

अंगणात दोघं-तिघं हसले. चाचांचा चेहरा लाल झाला होता, पण ते हलले नाहीत. साहेबांनी तोच हिशेब मराठीत घातला. तिनं बोटं झग्यातून काढली आणि उत्तर दिलं. मग दुसरा, तिसरा. मग साहेबांनी वाचायला दिलं, भूगोल विचारला. भूगोलात एक चूक झाली, ती माझी होती. मीच तिला नद्या उलट्या सांगितल्या होत्या.

चाचांनी कोपरीच्या खिशातून तो अर्ज काढला. म्हणजे सकाळी कोनाड्यातून घेऊनच निघाले होते, घरी कुणाला न सांगता. तिथंच मोडीत सही केली. साहेबांनी रजिस्टर मागवलं.

तेव्हा अत्तरवाले बाबा पुढे झाले. "साहेब, तिचा बाप म्हणतो ते खरं. पर मग वर्ग मोडणार. ह्या मिस्त्र्याच्या पोरीचं काय करता?"

प्रश्न बरोबर होता. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग मिस्त्र्याच्या मुलीकडे, पिंजाऱ्याच्या मुलीकडे आणि मग मास्तरांकडे त्यांनी पाहिलं. शेवटी म्हणाले की संख्या भरत नाही तेव्हा उर्दू माध्यमाचा वर्ग मी चालू ठेवू शकत नाही. पण मास्तरांना ठेवावं आणि रोज दुपारी एक तास, ज्यांना हवं त्यांना, उर्दू हा विषय म्हणून शिकवावा, अशी शिफारस मी करतो. बाकी सगळं मराठीत.

बाबा म्हणाले, "एक तास?"

"एक तास."

"बरं," बाबा म्हणाले. नंतर चाचांकडे वळून, "सांगायचं हुतंस आधी. मी काय तुला खाल्लं असतं?" दोघं एकत्रच बाहेर पडले. बाबांनी मग तीन-चार महिने चाचांना अत्तराचा फाया दिला नाही, एवढीच शिक्षा केली.

तट्ट्या निघाला. माझी मैत्रीण माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या वेणीत तंतू होते ते मी काढले. वाटलं, संपलं सगळं, छान झालं.

सगळं छान झालं नव्हतं. मिस्त्र्याची मुलगी पुन्हा आमच्यात आली आणि पुन्हा मुकी झाली. पहिल्या दिवशी ती तोंडात ओढणीचं टोक धरून बसली होती. बाई शिकवत होत्या, ती फळ्याकडे बघत होती, आणि तिला काही कळत नाही हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं, कारण आठ महिने मी तेच डोळे दुसऱ्या मुलीचे बघितले होते. साहेबांनी न्याय केला, पण एकीला न्याय देताना दुसरीवर अन्याय झाला. एका शाळेत दोन भाषांची मुलं असली की कोणताही नियम कुणाला तरी उपाशी ठेवतो. हे मला आजच्या भांडणाऱ्यांना सांगायचंय. तुमचा नियम कुणासाठी चांगला आहे ते सांगू नका. तो कुणाला मुकं करणार, आणि तिच्यासाठी तुम्ही काय ठेवलंय, ते सांगा.

दुसऱ्या दिवशी माझी मैत्रीण उठली आणि मिस्त्र्याच्या मुलीशेजारी जाऊन बसली. मला राग आला, स्पष्ट लिहिते. आठ महिने मी वाट बघितली होती. पण ती बसली आणि बाई जे सांगतील ते तिला हळूच सांगायला लागली. पडवीत शिकलेली अर्धीमुर्धी उर्दू, त्यात मराठी घुसडलेली. "वो बोलती है, ये नदी सह्याद्री में से निकलती." ती मुलगी खुदकन हसली, कारण ती उर्दू वाईटच होती, आणि मग तिनं ते दुरुस्त केलं. बाईंनी पाहिलं. मला वाटलं आता दोघींना उभं करतील. बाईंनी उलट आपलं बोलणं सावकाश केलं. एक वाक्य झालं की थांबायच्या. मागच्या बाकावर कुजबुज संपली की पुढचं वाक्य. त्या दिवसापासून पूर्ण वर्ग त्या चालीनं चालला. धडे कमी झाले. मला तर तेच बरं पडलं, कारण मलाही पहिल्यांदाच सगळं समजायला लागलं.

पुढच्या वर्षी मिस्त्र्याची बदली झाली आणि ती मुलगी गेली. कुठं, कोणत्या भाषेत शिकली, शिकली का नाही, मला माहीत नाही. मी चौथी पास झाले आणि आत्याचं मूलही मोठं झालं होतं, म्हणून मला गावी नेलं. चार वर्षांनी गुंजवण्याच्या बाजूला माझं लग्न झालं. पिंजाऱ्याची मुलगी पाचवीत गेली. भोर सोडण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी निरोप घ्यायला गेले, तेव्हा ती पाटीवर दुपारच्या तासाची अक्षरं काढत होती. चाचा तिच्या समोर मांडी घालून बसले होते आणि ती त्यांचं बोट धरून त्यांच्याकडून अलीफ गिरवून घेत होती. चाचांना ते नीट जमत नव्हतं. ती म्हणाली, "अब्बा, दाबू नका. हलक्या हातानं." आणि चाचा म्हणाले, "व्हय मास्तरीण."